पान पिवळं पडलं, पण कुठलं?

‘लिंबाची पानं पिवळी पडायला लागलीत, कोणतं खत घालू?’ कुंड्यांत झाडं वाढवणारी चार माणसं जिथे जमतात तिथे हा प्रश्न निघतोच. उत्तरंही लगेच मिळतात. एक जण सांगतो पाणी जास्त होतंय, दुसरा सांगतो कमी पडतंय. तिसऱ्याला एप्सम सॉल्टने गुण आलेला असतो, चौथ्याला शेणखताने, आणि कुणीतरी कुंडीत दोन गंजके खिळे खोचायला सांगतं. सगळे आपापल्या अनुभवाने बोलत असतात आणि त्यांच्या झाडाच्या बाबतीत ते बरोबरही असतात. अडचण एवढीच की समोरचं झाड त्यांचं नसतं.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. या द्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याभोवती नत्राचे चार. त्याच्या रचनेचा उलगडा करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्श्टेटर यांना 1915 साली नोबेल मिळालं. लोह या रेणूत नसतं, पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. म्हणजे नत्र कमी पडलं तरी पान पिवळं, मॅग्नेशियम कमी पडलं तरी पिवळं, लोह कमी पडलं तरी पिवळं. मुळं कुजली तर हे सगळं मातीत असूनही वर चढत नाही, म्हणून पुन्हा पिवळंच. कोळी लागला, थंडी पडली, उजेड कमी झाला, पान नुसतं म्हातारं झालं, तरी रंग तोच. म्हणून ‘पानं पिवळी झालीत’ एवढ्यावर औषध सांगणं म्हणजे निव्वळ अंदाज. ज्याला खरंच मदत करायची आहे तो आधी विचारतो.

पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीतल्या काकूंचं कागदी लिंबू हे याचं चांगलं उदाहरण आहे. अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपात लावलेलं चार वर्षांचं झाड, स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या गच्चीवर. दोन हंगाम त्याने भरपूर लिंबं दिली, तिसऱ्या वर्षी ते फिकटत गेलं. काकूंनी आधी शेणखत घातलं, मग एप्सम सॉल्ट, मग दुकानदाराने दिलेलं एकोणीस-एकोणीस-एकोणीस. झाड होतं तिथेच राहिलं. शेवटी त्यांनी फळबागांच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त सरांना विचारलं. सरांनी खताचं नाव काढलंच नाही.

“काकू, पिवळी पडलीत ती पानं नवी की जुनी? शेंड्याकडची की खालची?”

काकूंना हे लगेच सांगता आलं नाही. बहुतेकांना येत नाही, कारण आपण झाड एका नजरेत बघतो. पण पिवळ्या पानाबद्दल विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरू शकतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही त्यातली मुख्य. मुळांकडून ती कमी यायला लागली की झाड जुन्या पानांतला साठा मोडतं आणि वाढत्या शेंड्याकडे पाठवतं. त्यामुळे शेंडा बराच काळ हिरवा राहतो आणि खालची पानं पिवळी होऊन गळतात. लोह, मँगेनीज, कॅल्शियम यांचं तसं नाही. ती एकदा पानात बसली की सहसा तिथून हलत नाहीत. त्यांचा पुरवठा तुटला की जुनी पानं तशीच हिरवी राहतात आणि नवी पानं फिकट जन्माला येतात. म्हणजे झाडाच्या कोणत्या टोकाला पिवळेपणा आहे एवढं कळलं की निम्मी कारणं बाद होतात.

काकूंनी गच्चीवर जाऊन पाहिलं. खालची पानं गडद हिरवी होती. पिवळी होती ती फांद्यांच्या टोकांची, या वर्षी फुटलेली. काकूंनी घातलेलं एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियमची उणीव जुन्या पानांवर दिसते, आणि लिंबूवर्गीय झाडांत तर ती ओळखीच्या आकारात दिसते: पानाच्या कडा पिवळ्या होतात आणि देठाकडे उलट्या व्ही अक्षरासारखा हिरवा पट्टा उरतो. तसं इथे काहीच नव्हतं. नत्र कमी असतं तर जुनं पान सगळंच्या सगळं, शिरांसकट, फिकट झालं असतं. तेही नव्हतं. दोन खतं आणि दोन महिने या एका प्रश्नाने वाचले असते.

दुसरा प्रश्न शिरांचा. सरांनी एक नवं आणि एक जुनं पान तोडून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितलं, तेही दिवसा, खिडकीजवळ. हे मुद्दाम. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत चांगलं पानही पिवळं दिसतं आणि पांढऱ्या ट्यूबखाली आजारी पानही बरं वाटतं. पांढरा कागद मागे असला की खरा रंग कळतो, आणि जुनं पान शेजारी असलं की त्या झाडाचा मूळ हिरवा कोणता होता तेही कळतं. नव्या पानाचा पृष्ठभाग लिंबाच्या सालीसारखा पिवळट होता, पण त्यावरच्या शिरा, अगदी बारीक जाळीसुद्धा, हिरव्या रेघेने काढल्यासारख्या उठून दिसत होत्या. शेंड्याची सर्वांत कोवळी दोन पानं तर जवळजवळ दुधाळ होती. नव्या पानावर पिवळ्यात हिरवी बारीक जाळी ही लोह न मिळाल्याची खूण आहे. जस्ताची उणीव असती तर पानं लहान आणि अरुंद राहिली असती, पेरं आखडली असती, आणि पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात पट्ट्यापट्ट्यांनी आला असता. लिंबूवर्गात ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा एकत्र येतात. विदर्भातल्या चुनखडीयुक्त जमिनींवरच्या संत्राबागांत लोह आणि जस्त दोन्हींची उणीव हा जुना प्रश्न आहे आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत त्यावर काम होत आलं आहे. काकूंच्या झाडाची पानं मात्र पुरेशी रुंद होती.

इथे थांबून ‘लोह कमी आहे, लोह घाला’ म्हणता आलं असतं, आणि पुष्कळजण नेमके इथेच थांबतात. सर थांबले नाहीत, कारण पानात लोह कमी असणं आणि मातीत लोह कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राची बहुतेक माती काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात लोह मुबलक असतं. कुंडीत भरलेल्या मातीतही ते असतंच. पण मातीतलं लोह बहुतांश गंजाच्या रूपात असतं आणि ते पाण्यात विरघळण्याचं प्रमाण सामूवर, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणावर, अवलंबून असतं. सामू एका अंकाने वाढला की विरघळणारं लोह साधारण हजारपटीने घटतं. सामू सहा असलेल्या मातीतलं लोह झाडाला सहज मिळतं. तीच माती आठवर गेली की झाडाच्या मुळाशी लोह असूनही ते उपाशी राहतं. कुंडीत खोचलेल्या खिळ्यांचा उपयोग होत नाही तो यामुळेच. खिळा आणखी गंज देतो, आणि गंजाची तिथे कमतरता नसतेच.

म्हणून पुढचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीचा शोध घेणारे होते: या पिंपातली माती बिघडली कशाने?

“हे कधीपासून झालं? आणि त्याच्या आसपास काय बदललं?”

“साधारण गेल्या दिवाळीपासून. बदललं काही नाही हो. जागा तीच, पिंप तेच.”

‘काही बदललं नाही’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी येतं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते अपुरं असतं. माणसाला झाडात केलेला बदल आठवतो, घरात केलेला आठवत नाही. त्यामुळे अनुभवी माणूस तोच प्रश्न तुकड्यातुकड्याने विचारतो. माती बदलली का, कुंडी बदलली का, रंगकाम झालं का, समोर इमारत उभी राहिली का, पाणी घालणारं माणूस बदललं का. सरांनी पाण्यावर भर दिला. किती घालता, केव्हा घालता, खालून वाहून जातं का, आणि पाणी येतं कुठून?

पाणी दररोज सकाळी एक बादली. खालच्या ताटलीत साठलं तर तसंच ठेवायचं, उन्हात झाडाला लागेल म्हणून. आणि पाणी? “सोसायटीला बोअरचं येतं, पण झाडांना मी ते नाही घालत. फिल्टरचं वाया जाणारं असतं ना, ते बादलीत धरते आणि लिंबाला घालते. एवढं पाणी फुकट घालवायचं जिवावर येतं.”

पिण्याच्या पाण्याचं नवं आरओ यंत्र दिवाळीत बसलं होतं.

पाणी वाचवायची काकूंची इच्छा अगदी योग्य होती आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत हेच केलं जातं. फक्त हे पाणी काय आहे ते पाहायला हवं. आरओ यंत्र पडद्यातून पाणी दाबून गोड पाणी एका बाजूला काढतं आणि त्यातले क्षार दुसऱ्या बाजूच्या पाण्यात सोडतं. म्हणजे नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. मूळ पाणी धरणाचं, हलकं असेल तर ते फरशी पुसायला, भांडी विसळायला आणि सहन करणाऱ्या झाडांना अधूनमधून चालून जातं. मूळ पाणी बोअरचं, जड असेल, तर नळीतून येतं ते त्याहूनही जड. जड पाण्यात कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेट असतात. ते मातीचा सामू वर ढकलतात, आणि मुळांच्या आसपास जमले की लोह शोषून वर पाठवण्याचं झाडाचं कामही अडवतात. रोज एक बादली, सहा-आठ महिने.

सरांनी काकूंना पिंपाची कड पाहायला सांगितलं. मातीच्या पातळीच्या वर प्लास्टिकला पांढरी कड धरली होती, नखाने खरवडली की भुकटी पडत होती. तीच पांढरी कड ताटलीतही होती. आणि खालच्या हिरव्या पानांची टोकं तपकिरी, करपलेली होती, जी काकूंनी उन्हाने करपली असं समजून सोडून दिली होती. क्षार साठल्याची ती खूण होती.

यात आणखी एक भर पडली होती. काकू दर आठवड्याला अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून मातीत मिसळत होत्या. टरफल म्हणजे जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. कोकणातल्या आंबट, जांभ्याच्या मातीत त्याने थोडं भलं होऊ शकतं. आधीच चुना वाढत असलेल्या पिंपात त्याने सामू खाली यायला आणखी अडथळा केला. आणि ताटलीत साठलेलं पाणी हा तिसरा हात. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा निघून जाते. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू मिळत नाही आणि त्यांनी सोडलेला कर्बवायू बाहेर पडू शकत नाही. चुनखडीच्या मातीत हा कोंडलेला कर्बवायू पुन्हा बायकार्बोनेटच तयार करतो. पावसाळ्यात सलग झड लागली की चुनखडीच्या रानात भुईमूग पिवळा पडतो आणि उघडीप मिळाल्यावर पुन्हा हिरवा होतो, त्यामागेही हेच आहे. तिथे लोह वाढलेलं नसतं. मुळांना हवा मिळालेली असते.

एक प्रश्न अजून उरला होता आणि तो निदान पक्कं करणारा ठरला. “बाकीची झाडं कशी आहेत?” घराच्या दुसऱ्या बाजूच्या बाल्कनीतला मोगरा आणि जास्वंद ठीक होते. त्यांना भाऊजी नळाचं पाणी पाइपने घालत. लिंबाशेजारी असलेला एक्झोरा मात्र शेंड्याला फिकट झाला होता, तशीच हिरवी जाळी घेऊन. एक्झोरा अल्क मातीत फार लवकर लोह गमावतो. त्याच गच्चीवरची कोरफड खुशाल होती. रोग असता तर तो लिंबावरून एक्झोऱ्यावर सहसा गेला नसता, कारण ती दोन अगदी वेगळ्या कुळांतली झाडं आहेत. एकाच पाण्याची, एकाच जागेची दोन भिन्न झाडं एकाच पद्धतीने आजारी पडतात तेव्हा संशय कीड-रोगापेक्षा माती-पाण्यावर जातो. एकाच जातीचं एकच झाड आजारी असेल आणि शेजारी सगळे ठणठणीत असतील, तर आधी त्या एका कुंडीच्या मुळांकडे आणि पानांच्या पाठीकडे बघायचं.

पानांची पाठ काकूंनी आधीच दाखवली होती. लाल कोळी असता तर पान एकसारखं पिवळं न होता त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके आले असते, आणि फांदी पांढऱ्या कागदावर झटकली की कागदावर हलणारे कण दिसले असते. तसं काही नव्हतं.

एवढं झाल्यावर सरांनी पहिल्यांदा कारणाचं नाव घेतलं, आणि तेही ‘बहुतेक’ म्हणून. बहुतेक क्षार आणि चुन्यामुळे माती अल्क झाली आहे, ती सतत ओली आहे, म्हणून झाडाला लोह मिळत नाही. त्याबरोबर त्यांनी हे निदान तपासायच्या दोन घरगुती पद्धती सांगितल्या. खताची पिशवी आणण्याआधी करायच्या.

पहिली पद्धत मातीची. पिंपाच्या कडेने तीन-चार इंच खोलवरची चमचाभर माती काढायची, वाळवायची, काचेच्या पेल्यात घालून वर पांढरं व्हिनेगर ओतायचं. मातीत मोकळा चुना असेल तर ती फसफसते. काकूंच्या मातीला बुडबुडे आले, टरफलांच्या कणांभोवती तर स्पष्ट ऐकू येईल इतके. या चाचणीची मर्यादाही सांगायला हवी: चुना आहे एवढं ती सांगते, सामू किती ते सांगत नाही, आणि फसफसलं नाही म्हणून माती अल्क नाही असंही ठरत नाही. नेमका आकडा हवा तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा. कृषी विज्ञान केंद्रं आणि कृषी महाविद्यालयांत ही सोय असते.

दुसरी पद्धत पानावरची, आणि तिची मुळं फार जुनी आहेत. 1843 साली यूझेब ग्री या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पिवळ्या पडलेल्या झाडांवर लोहाच्या क्षारांचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्या क्षारांनी पान पुन्हा हिरवं होतं हे दाखवलं. घरी करायचं ते असं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, साधारण एक चहाचा चमचा सपाट. पाणी आरओचं पिण्याचं किंवा पावसाचं घ्यायचं, कारण जड पाण्यात लोह तिथल्या तिथे तांबड्या गाळाच्या रूपात खाली बसतं. हिराकसाचे खडे ताजे असले तर फिकट हिरवे असतात. तपकिरी झालेले असतील तर ते हवेने बिघडलेले, ते वापरू नयेत. द्रावण केल्या केल्या वापरायचं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चार-पाच पिवळ्या पानांची फक्त उजवी बाजू मऊ कुंचल्याने ओली करायची, मधल्या शिरेची डावी बाजू कोरडी ठेवायची. पानावर दोऱ्याने खूण बांधायची, म्हणजे आठवड्याने शोधावं लागत नाही. फरशीवर थेंब पडू द्यायचे नाहीत. हिराकसाचे गंजाचे डाग फरशीवरून सहज जात नाहीत.

आठवडा-दहा दिवसांत रंगवलेल्या बाजूवर हिरवे ठिपके किंवा डाग उमटले आणि कोरडी बाजू पिवळीच राहिली, तर लोहाची शंका खरी. दोन्ही बाजू तशाच राहिल्या, तर दुसरं कारण शोधायचं. काकूंच्या पाच पानांपैकी चार पानांवर नवव्या दिवशी फरक दिसला. द्रावण जिथे साचून वाळलं होतं तिथे हिरवा रंग गडद होता, जिथे निसटलं होतं तिथे पिवळा. पाचवं पान, सर्वांत दुधाळ, टोकाला करपलं. इतक्या कोवळ्या पानाला हे द्रावण कधीकधी सोसत नाही.

अशी अर्धी पानं रंगवण्यामागे आणखी एक हेतू होता. काकूंनी आतापर्यंत तीन खतं दोन महिन्यांत घातली होती. त्यातल्या एखाद्याने झाड सुधारलं असतं तरी कशाने सुधारलं ते कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी तिन्ही पुन्हा घालावी लागली असती. शिवाय खत हाही शेवटी क्षारच. क्षारांनी भरलेल्या पिंपात एकोणीस-एकोणीस-एकोणीस घातल्याने पानांची टोकं आणखी करपली होती.

उपाय कारणापासून सुरू झाला. फिल्टरचं वाया जाणारं पाणी लिंबाला आणि एक्झोऱ्याला बंद, ते फरशीला. टरफलं बंद. पिंप ताटलीतून उचलून चार विटांवर ठेवलं आणि तळाची भोकं मोकळी केली, कारण त्यातली दोन मुळांनी आणि मातीने बुजली होती. मग मातीतून साठलेले क्षार धुऊन काढायचे होते. त्यासाठी पिंपातल्या मातीच्या दुप्पट ते तिप्पट हलकं पाणी हळूहळू वरून सोडून खालून पूर्ण निथळू द्यावं लागतं. पिंपाजवळ धरणाचं पाणी नव्हतं, म्हणून काकूंनी पहिल्या पावसाची वाट पाहिली आणि गच्चीवर पडणाऱ्या पावसालाच ते काम करू दिलं. कुजलेलं कंपोस्ट वरच्या थरात मिसळलं. त्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवायला थोडी मदत करतात.

लोहही दिलं, पण विचार करून. हिराकस मातीत टाकला तर चुनखडीच्या मातीत तो काही दिवसांतच गंज होऊन निरुपयोगी होतो. म्हणून मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह द्यायचं. त्यातही पाकिटावर काय लिहिलंय ते वाचावं लागतं. बाजारात सहज मिळतं ते बहुधा ईडीटीएचं. ते पानांवर फवारायला ठीक, पण मातीत सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. अल्क मातीत टिकतं ते ईडीडीएचएचं. ते महाग असतं, गडद तांबूस रंगाचं असतं आणि शोधावं लागतं. दुकानदार ‘दोन्ही लोहच’ म्हणून हातात देतो ते बऱ्याचदा पहिलं असतं. मात्रा पाकिटावर असेल तेवढीच.

त्यानंतर काय पाहायचं, हेही सरांनी सांगितलं होतं. जुनी दुधाळ पानं पुन्हा पुरती हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून निराश व्हायचं नाही. पुढची नवी फूट कोणत्या रंगाची येते ते बघायचं. काकूंच्या लिंबाला पावसाळ्याच्या मध्यावर नवी फूट आली. शेंडे पोपटी होते, आणि पानं पिकत गेली तशी गडद झाली.

प्रश्नांच्या यादीत जागेचा प्रश्न वेगळा मोजायला हवा, कारण हेच लिंबू दुसरीकडे असतं तर उत्तर बदललं असतं. रत्नागिरी किंवा गोव्यात माती मुळातच आंबट असते आणि पाऊस इतका की नत्र आणि मॅग्नेशियम धुपून जातात. तिथे ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडली तर आधी त्याच दोघांचा विचार करावा, आणि तिथे एप्सम सॉल्ट खरोखर कामी येऊ शकतं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मराठी घरात कुंडीत जपलेला कढीपत्ता नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळा होऊन पानं गाळायला लागतो, आणि घरचे घाबरून पाणी-खत वाढवतात. तिथे कारण थंडी आणि तोकडा दिवस. झाडाची वाढ थांबलेली असते, मुळं पाणी ओढत नाहीत, आणि वाढवलेलं पाणी मुळं कुजवतं. त्या कढीपत्त्याला खिडकीचा उजेड आणि कोरडी राहणारी माती हवी असते, बाकी वसंतात बघू. आपल्याकडेही थंडीत पांढरा चाफा सगळी पानं पिवळी करून टाकतो. ते त्याचं नेहमीचंच आहे. लिंबाचं एक-एक पानही साधारण एक-दोन वर्षं जगतं. आतल्या फांद्यांवरची थोडी पानं पिवळी होऊन गळाली आणि शेंडे हिरवे असले, तर काहीच करायचं नसतं.

काही वेळा उत्तर पानावर मिळतच नाही. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, कुंडीला आंबूस वास येत असेल, तर मग झाड हलक्या हाताने कुंडीतून काढून मुळं बघण्यावाचून गत्यंतर नसतं. चांगलं मूळ पांढरट, घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी आणि लिबलिबीत, बोटात धरलं की साल निसटते आणि मधला दोरा हातात राहतो. अशा झाडाला कोणतंही खत द्यायचं नाही, कारण ते घ्यायला मूळच उरलेलं नाही.

आणि लिंबू, मोसंबी, संत्रं असेल तर आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय निदान पुरं करू नये: पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे का? अन्नद्रव्याची उणीव पानाच्या दोन्ही अर्ध्यांत सहसा सारखी दिसते. लिंबूवर्गाचा ग्रीनिंग रोग तशी शिस्त पाळत नाही. त्यात पिवळे-हिरवे डाग वेडेवाकडे पसरतात, एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला छोटा. पेनाने एका बाजूच्या डागाभोवती गोल काढावा आणि दुसऱ्या बाजूला नेमक्या समोरच्या जागी तेवढाच गोल काढावा. आतला रंग जुळला नाही तर सावध व्हावं. हा रोग जिवाणूचा, सिट्रस सिला नावाची बारीक कीड तो पसरवते, आणि त्यावर रोगमुक्त करणारं औषध नाही. पानं बघून त्याची शंका घेता येते, खात्री फक्त प्रयोगशाळेतल्या चाचणीने होते. काकूंच्या झाडाची पानं दोन्ही बाजूंना सारखी होती. पण ज्याची नसतील त्याने कितीही लिंबं लागत असली तरी चाचणी होईपर्यंत त्या झाडाची गुटी बांधून कुणाला देऊ नये, आणि त्याचा डोळा काढून दुसऱ्या रोपावर कलमही करू नये.